मदत हवी आहे: व्हिडिओत बोट कुठे टेकवलं ते दिसत नाही

निशिगंधा: सोसायटीतल्या ज्येष्ठांच्या कट्ट्यासाठी 'व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल कसा लावायचा' असा व्हिडिओ करतेय. स्क्रीन रेकॉर्ड केली, पण मी कुठे टॅप केलं ते कळतच नाही, नुसतं चित्र बदलत जातं. तो गोल ठिपका कसा आणतात? रविवारी दाखवायचाय.

खटाटोपी: फोन कुठला? आयफोनच्या रेकॉर्डिंगमध्ये ती सोय नाही.

निशिगंधा: अँड्रॉइड १३.

मिलिंद_ठाणे: सेटिंग्जमध्ये About phone, तिथे Build number वर ७ वेळा टॅप. मग Developer options मध्ये Show taps चालू. झालं काम.

सावली: एवढं आत कशाला शिरायचं? बऱ्याच फोनवर रेकॉर्डिंग सुरू करतानाच Show touches on screen विचारतात. शिवाय Developer options चालू राहिलं तर काही बँकांची अ‍ॅप उघडत नाहीत.

मिलिंद_ठाणे: नंतर बंद करायचं की!

आजोळ: माझ्या आईला अक्षरं बारीक दिसतात, ती कुठून वाढवायची?

खटाटोपी: सेटिंग्ज, डिस्प्ले, Font size. पण वेगळा धागा काढा ना.

निशिगंधा: ठिपका आला! पण बोट उचललं की लगेच जातो. काकांना दाखवलं तर "कुठे होता?" म्हणाले. व्हिडिओचा वेग कमी केला तर माझा आवाज विचित्र ताणला जातो.

सावली: आवाज नंतर भरा. आधी नुसतं रेकॉर्डिंग. मग एडिटिंगमध्ये टॅपच्या जरा आधी चित्र ३-४ सेकंद गोठवा आणि बटणाभोवती जाड वर्तुळ काढा. त्यावर बोला: "वर उजवीकडे कॅमेऱ्याचं चित्र आहे." थांबा, शोधू द्या. मग "त्यावर बोट टेकवा आणि लगेच उचला." उचलायचं आवर्जून सांगा. यादीतलं नाव दाबून धरलं तर चॅट उघडत नाही, निवडलं जातं आणि वर कचरापेटीचं चिन्ह येतं. तिथे माणसं घाबरतात.

मिलिंद_ठाणे: प्रत्येक पायरी दोनदा दाखवा.

सावली: लगोलग दोनदा दाखवली तर ते दोनदा टॅप करतात. सगळं एकदा संपवा, मग होम स्क्रीनपासून पुन्हा.

खटाटोपी: पुन्हा कशाला? मागे सरकवून बघतील.

सावली: ती बारीक पट्टी धरून सरकवता आली असती तर हा व्हिडिओ लागलाच नसता.

खटाटोपी: बरं, काकांच्या फोनवर खाली तीन बटणं आहेत की कडेने सरकवून मागे जातात?

निशिगंधा: त्यांच्याकडे बटणं आहेत, माझ्याकडे नाहीत. कट्ट्यावर दोन्ही निघतील. दोन व्हिडिओ करू?

मिलिंद_ठाणे: कॉलमध्ये मागे कुठे जायचंय? लाल बटणाने संपतो.

खटाटोपी: भलत्याच चॅटमध्ये शिरले तर? आणि लाल बटणही थोड्या वेळाने लपतं, स्क्रीनवर एक टॅप केला की परत येतं. तेही दाखवा.

निशिगंधा: ते राहिलंच होतं, घेते. मागे जाण्याचा भाग काकांच्या फोनवरही रेकॉर्ड करते. दोन्ही एकाच व्हिडिओत घातले तर गोंधळ होईल का?