तीन भावांची आद्याक्षरं घेऊन मसाल्याचं नाव ठेवावं का?

नंदुरबारकर: आम्ही तिघं भाऊ मिरची पावडर पॅक करून विकून राहिलोय. नाव ठरवलंय एसपीआर, तिघांच्या नावातलं एकेक अक्षर. बायको म्हणते लोकांच्या लक्षात राहणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

धुळ्याचा दुकानदार: वहिनी बरोबर बोलतात भो. माझ्या काउंटरवर गिऱ्हाईक बोलून माल मागतं, आणि अशी तीन अक्षरं घरी पोचेपर्यंत उलटीपालटी होतात, कोणी एसआरपी म्हणतं, कोणी एसपीएस, आणि फोनवर तर पी, बी, डी, टी सगळं एकच ऐकू येतं. मग शेवटी "ते लाल पाकीट द्या" म्हणतात आणि मी हाताला लागेल ते लाल पाकीट देतो. नाव ऐकून डोळ्यासमोर काही आलं तरच ते टिकतं, नुसत्या अक्षरांचं काही चित्र होत नाही.

रावेरचा पंकज: मग एमडीएच, एमआरएफ, टीव्हीएस कसे चालले? नाव काहीही ठेवा, माल चांगला पाहिजे.

जळगाव_पॅकेजिंग: पंकजभाऊ, अर्धं बरोबर. एमडीएच म्हणजे महाशियाँ दी हट्टी, सियालकोटमधलं दुकान १९१९ चं. आधी दुकान, मग अक्षरं, आणि डब्यावर आजोबांचा फोटो, लोकांना तो चेहरा आठवतो. एमआरएफ १९४६ ला मद्रासला फुगे बनवत होती, आणि नंतर सचिनच्या बॅटवर वर्षानुवर्षं दिसली, तेवढा खर्च या तिघा भावांकडे आहे का? केएफसीनेसुद्धा आधी पूर्ण नाव जगभर रुजवलं, १९९१ ला छोटं केलं. एसटी तर आपणच म्हणायला लागलो. नाव आधी ओळखीचं झालं की लोक स्वतः कापतात, आधीच कापलेलं त्यांच्या हातात दिलं तर त्यामागे आठवायला काहीच नसतं.

अमूल बघा, तीही आद्याक्षरंच, आणंद मिल्क युनियन लिमिटेड, पण तोंडात शब्द म्हणून बसतं आणि अमूल्य आठवतं. एसपीआरचा शब्दच होत नाही.

करून बघा: ओळखीचे नसलेल्या दहा जणांना नाव एकदाच सांगा, चार दिवसांनी पाकीट न दाखवता विचारा, "कोणती मिरची?" बरोबर क्रमाने किती सांगतात ते मोजा. सोबत दुसरं एखादं नाव वेगळ्या दहा जणांना सांगून बघा.

अमळनेरची सुनीता: आमची डाळमिल तीन अक्षरांवर वीस वर्षं चालते. पण आमचं गिऱ्हाईक व्यापारी, ते बाबांना ओळखतात, फोन बाबांना करतात. किरकोळ पाकिटं काढली तेव्हा मात्र नाव कोणालाच सांगता येईना.

चोपड्याचा विकास: नाव रजिस्टर होईल का पण? अक्षरांना परवानगी नसते ना?

जळगाव_पॅकेजिंग: असते, १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यात अक्षरंसुद्धा चिन्हात धरली आहेत. अडचण ही की तीन अक्षरांची नावं खूप जणांनी घेतलेली असतात, जुळणारं सापडलं की हरकत येते. छपाईच्या आधी शोधून घ्या.

नंदुरबारकर: पाच हजार पाकिटं छापून आलीत.

धुळ्याचा दुकानदार: मग ती संपू द्या, पण पुढच्या छपाईत मोठ्या अक्षरात आईचं नाव टाका, एसपीआर खाली बारीक.

रावेरचा पंकज: मला अजूनही पटत नाही. चव लागली की लोक नाव शोधतातच.