मदत हवी आहे: उत्तराआधी थांबलो की तयारी नाही असं वाटतं

कृष्णाकाठ
मुलाखत नऊ दिवसांवर आलीय. काल मॉकमध्ये विचारलं, "सांगलीच्या पुराला कर्नाटकातलं अलमट्टी धरण जबाबदार आहे का?" २०१९ ला आमच्या घरात पाणी होतं, तरी तीन-चार सेकंद गप्पच. शेरा मिळाला, "तयारी कमी." थांबायचंच नाही का? लवकर सांगा.

कराडची ताई
कसली मुलाखत? आणि गप्प असताना नजर कुठं होती?

कृष्णाकाठ
राज्यसेवा. नजर टेबलावर. आधी "अं... म्हणजे..." पण झालं.

विट्याचा गडी
प्रश्नच परत म्हणायचा, "सर, आपण विचारलंत की..." तेवढ्यात उत्तर सुचतं. मी कायम हेच करतो.

मिरजकर काका
माझा मुलगाही बोलताना अडखळतो. स्पीच थेरपीनं बराच फरक पडला.

कृष्णाकाठ
काका, मी अडखळत नाही हो. सुचायला वेळ लागतो.

कराडची ताई
गडीदादा, ती युक्ती एकदा चालते. तिसऱ्यांदा पॅनेल हसतं, मी मॉक घेते तिथं बघितलंय.

कृष्णाकाठ, तुमचं थांबणं नडलं नाही, "अं" आणि टेबल नडलं. गप्पांत आपण लगेच उत्तर देतो, म्हणून स्वतःचे दोन सेकंद फार मोठे वाटतात. प्रश्न संपला की तोंड मिटून श्वास सोडा, विचारणाऱ्याकडंच बघा. तेवढ्यात अख्खं उत्तर शोधू नका, फक्त पहिलं वाक्य शोधा. उदाहरणार्थ, "सर, पाणी एवढं आलं कुठून आणि ते उतरलं का नाही, हे मी वेगळं बघतो." मग कोयना-वारणा खोऱ्यातला पाऊस, धरणांचा विसर्ग, पूररेषेतली बांधकामं, आणि शेवटी अलमट्टी. पहिलं वाक्य ठाम आलं की पुढं थोडं थांबलात तरी चालतं. वाक्याच्या मधे अडकणं मात्र लगेच दिसतं.

जास्तच वेळ लागणार असेल तर "सर, क्षणभर विचार करून सांगतो" म्हणा, पण अख्ख्या मुलाखतीत एकदाच. आणि आयर्विन पुलाची धोका पातळी विचारली तर थांबू नका. ४५ फूट येत असेल तर सांगा, नाहीतर "माहीत नाही सर". तिथं विचार करण्यासारखं काही नसतं.

विट्याचा गडी
अलमट्टी शेवटी कशाला? फुगवट्यामुळंच पाणी तुंबतं.

कराडची ताई
२०१९ च्या पुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीनं अलमट्टीला जबाबदार धरलेलं नाही.

विट्याचा गडी
समितीच्या घरात पाणी नव्हतं ताई.

कृष्णाकाठ
भांडू नका. आत्ता मोबाईलवर रेकॉर्ड करून बघितलं. मला चार वाटलेले सेकंद दोनच भरले. पण "पाणी आलं कुठून" सांगून झाल्यावर दुसरा मुद्दाच आठवेना.

कराडची ताई
मग मुद्दे आधीच मोजून सांगू नका. "याला एकच कारण नाही सर" एवढ्यावर सुरू करा. उद्या रेकॉर्डिंग ऐकून परत लिहा.