सकाळी पूर्ण कपात, संध्याकाळी निम्मी वाढ: हे पत्र द्यावं का?

पत्र लिहिणारा: दूध संस्थेला असं लिहिलंय: "माझ्या गाईंच्या दुधाला सकाळी 12 लिटरवर 3.2 आणि संध्याकाळी 8 लिटरवर 4.0 फॅट लागते. 3.5 च्या खाली प्रत्येक पॉइंटला पूर्ण कपात होते, वरच्या पॉइंटला वाढ मात्र निम्म्या दरानेच मिळते. कपातीचा फेरविचार व्हावा, ही विनंती." मागणी रास्त आहे ना?

माजी सचिव: मला नाही पटत. फॅटवर कपात ठेवली नाही तर पाणी घालणारा आणि चोख दूध घालणारा एकाच मापात जातील. संस्थेलाही पुढे फॅटवरच पैसे मिळतात.

तपासनीस: सचिव, कपात काढा असं ते म्हणतच नाहीत. हिशोब मांडून बघा. सकाळी 3 पॉइंट कमी, 12 लिटरवर, म्हणजे 36 चा तोटा. संध्याकाळी 5 पॉइंट जास्त, 8 लिटरवर, म्हणजे 40 चा फायदा. दिवसाची सरासरी 3.52 येते, म्हणजे दूध बसतंय. पण वाढ निम्मी धरली की 40 चे 20 होतात आणि चांगलं दूध घालूनही माणूस 16 ने मागे राहतो. रात्रीचं अंतर मोठं असलं की सकाळी दूध जास्त आणि फॅट कमी येणारच, त्यात लबाडी कसली? पत्रात हाच हिशोब घाला.

गोठेवाला: पेंड वाढवा, फॅट आपोआप चढेल.

तपासनीस: वैरण कमी करून नुसती पेंड वाढवली तर फॅट उलट उतरते. चारा पोटभर हवा. आणि शेवटच्या धारा वासराला सोडता का? सगळ्यात जास्त फॅट त्यातच असते. आधी ते बघा.

म्हशीवाली: माझ्या दुधाची फॅट भरपूर, तरी लॅक्टोमीटरची डिग्री कमी म्हणून कापतात. त्याबद्दलही लिहा की!

माजी सचिव: ताई, तो एसएनएफचा विषय, त्याचा अर्ज वेगळा द्या. सरासरीचा मुद्दा मी मान्य करतो. पण दोन्ही वेळचं एकत्र धरलं तर एखादा सकाळी पाणी घालून संध्याकाळच्या फॅटवर झाकेल, त्याचं काय?

तपासनीस: पाणी डिग्रीत दिसतं, त्यासाठी फॅट कापायची गरज नाही. मला काळजी नमुन्याची आहे. कॅन न ढवळता वरून घेतलं तर फॅट जास्त, तळातून घेतलं तर कमी. मशीन रोज धुतलं नाही किंवा नमुन्यात हवेचे बुडबुडे राहिले तरी आकडा चुकतो. म्हणून एकाच ढवळलेल्या कॅनचा नमुना मशीनवर आणि गर्बर पद्धतीने, दोन्हीकडे लावायला सांगा. तेही तुमच्यासमोर.

पत्र लिहिणारा: शेवटच्या धारा वासरालाच सोडतो, हे खरं. आठवडाभर निपटून काढून बघतो. पण निम्म्या वाढीचा मुद्दा पत्रातून काढणार नाही.

माजी सचिव: काढू नका. पण संचालक पूर्ण वाढ मंजूर करतील असं मला वाटत नाही. करायची म्हटली तर ती सगळ्या सभासदांना द्यावी लागेल.