मदत हवी आहे: आणीबाणीच्या प्रकरणाच्या नोट्स आटोपशीर कशा कराव्यात?

नमस्कार मंडळी. राज्यसेवेची तयारी करतोय. राज्यघटनेतलं आणीबाणीचं प्रकरण वाचता वाचताच लिहायला घेतलं आणि नोट्स अकरा पानं झाल्या. म्हणजे पुस्तकच पुन्हा उतरवलं म्हणा ना!

मग सगळं बाजूला ठेवून एकाच पानावर तक्ता केला. उभे रकाने कलम 352, 356 आणि 360 चे. आडव्या ओळींत कारण, संसदेच्या मंजुरीची मुदत, लागणारं बहुमत, कमाल कालावधी. हे झकास जमलं. 352 ला एक महिना आणि विशेष बहुमत, बाकी दोघांना दोन महिने आणि साधं बहुमत, हे आता झोपेतही सांगेन.

पण सराव परीक्षेत 358 आणि 359 वर आपटलो. 358 मुळे कलम 19 आपोआप स्थगित होतं, तेही फक्त युद्ध किंवा परकीय आक्रमणाच्या वेळी. 359 ला राष्ट्रपतींचा वेगळा आदेश लागतो आणि कलम 20, 21 ला हात लावता येत नाही. माझ्या पानावर नुसतं ‘हक्क स्थगित: 358, 359’ एवढंच होतं! 1978 च्या 44 व्या दुरुस्तीचंही तेच. क्रमांक लिहिला, बदल काय झाला ते गाळलं.

तर काय गाळायचं हे तुम्ही कसं ठरवता? आधी जुन्या प्रश्नपत्रिका पाहून, की दुसऱ्या वाचनानंतर? आणि असे ‘पण’, ‘फक्त’वाले अपवाद तक्त्यातच कोंबता की मागच्या बाजूला वेगळे लिहिता? कुणाचं असं एखादं पान असेल तर फोटो टाका प्लीज.