मदत हवी आहे: कपाचं माप ग्रॅममध्ये, मैद्याचा आकडा दर वेळी वेगळा का येतोय?

मंजू_नाशिक: बहिणीने न्यू जर्सीहून तिची नेहमीची केकची रेसिपी पाठवली, २ कप मैदा, १ कप साखर वगैरे. तिचा केक कापसासारखा होतो आणि माझा दोन्ही वेळा कोरडा, वर मधोमध तडा गेलेला. ओव्हनचं तापमान तेच, कपावर २४० मिली लिहिलंय, तिच्याकडेही तेवढाच. काल वजनकाटा आणला आणि डब्यातून एकेक कप मैदा काढून तोलला तर १४८, मग १५५, मग १४३. साखर मात्र तिन्ही वेळा २०० च्या आसपास. कप तोच, हात तोच, मग मैदाच का असा वागतोय? आणि तांदळाचं पण सांगा कोणीतरी, पुलावाला लागतं.

सुलभाताई: एवढं कशाला, १ कप म्हणजे २५० ग्रॅम, आम्ही कायम असंच धरतो.

बेकरीवाला_दादर: सुलभाताई, ते पाण्याचं झालं. पाणी १ मिली म्हणजे जवळपास १ ग्रॅम, म्हणून २५० मिलीच्या कपात २५० ग्रॅम पाणी बसतं, मैद्याचं तसं नाही. मंजू, डब्यात मैदा कसा भरतेस आणि कप कसा भरतेस ते आधी सांग.

मंजू_नाशिक: पाकीट ओतलं की डबा दोनदा ओट्यावर आपटते म्हणजे सगळा बसतो. मग कप आत खुपसायचा, भरून वर काढायचा आणि डब्याच्या कडेला घासून सपाट करायचा.

बेकरीवाला_दादर: मग उत्तर त्यातच आहे. मैद्याचे कण इतके बारीक असतात की त्यांच्यामध्ये बरीच हवा अडकते, डबा आपटला की ती निघून जाते आणि कप खुपसताना तू अजून दाबतेस. साखरेचे आणि तांदळाचे दाणे कडक, ते फार तर एकमेकांच्या खाचेत बसतील पण दबणार नाहीत, म्हणून तिथे आकडा हलत नाही. आता असं कर: काट्यावर रिकामा कप ठेवून शून्य कर, डब्यातला मैदा काट्या-चमच्याने हलवून मोकळा कर, मग चमच्याने कपात हळूहळू टाक, शीग येईपर्यंत, आणि सुरीच्या पाठीने ती शीग उडव. आपटायचं नाही, हलवायचं पण नाही.

मंजू_नाशिक: केलं आत्ता. १२१, १२४, १२२!! बहिणीला पण विचारलं, ती चमच्यानेच भरते, हे सांगायची गोष्ट आहे असं तिला वाटलंच नव्हतं. म्हणजे २ कपाला तिचा मैदा २४५ आणि माझा ३०० च्या घरात, जवळजवळ अर्धा कप जास्तच घातला मी.

बेकरीवाला_दादर: आणि बाकी दूध, अंडी, लोणी तेवढंच, म्हणून कोरडा. पीठ घट्ट झालं की कडा आणि वरची साय आधी धरते, आतलं नंतर फुगतं आणि मधोमध फोडून बाहेर येतं. पीठ टिनमध्ये ओतताना रिबिनीसारखं पडायला हवं, गोळ्यागोळ्याने पडलं तर मैदा जास्त झालाय समज.

शुभदा_के: मैदा नेहमी आधी चाळून मग मोजावा, हाच खरा उपाय.

बेकरीवाला_दादर: चाळणं चांगलंच, पण चाळून भरलेला कप ११०-११५ वर येतो आणि लिहिणारीने न चाळता मोजला असेल तर तुझा केक कमी मैद्याने बसेल. कोण कसं मोजतं ते रेसिपीत बहुतेक लिहिलेलंच नसतं, म्हणून ग्रॅम दिलेले असतील तर तेच घ्यावेत. नसतील तर मी १२० ते १२५ धरतो, साखर २००, बासमती १८५-१९०, बुटक्या दाण्याचा तांदूळ २०० पर्यंत.

अण्णा_बडोदा: आमच्या राइस कुकरचा कप हरवला, घरातल्या कपाने तांदूळ घेतला आणि आतल्या रेघेपर्यंत पाणी घातलं तर भात फडफडीत, कच्चटच राहिला. हेच कारण का?

बेकरीवाला_दादर: नाही अण्णा, तुमचं वेगळं. कुकरचा कप साधारण १८० मिलीचा असतो आणि भांड्यातल्या रेघा त्याच कपाला धरून असतात. तुमचा २४० चा असेल तर एक कप म्हणून तुम्ही सवा कपापेक्षाही जास्त तांदूळ घातलात आणि पाणी एकाच कपाचं. कुकरच्या कपात १५० ग्रॅमच्या आसपास तांदूळ बसतो, तेवढा तोलून घ्या म्हणजे रेघा परत जुळतील.

सुलभाताई: बरं मग माझ्याकडचा कप २५० चा आहे की २४० चा, त्यावर काहीच लिहिलेलं नाही.

बेकरीवाला_दादर: काठोकाठ पाणी भरून तोला, जेवढे ग्रॅम तेवढे मिली. ऑस्ट्रेलियातला कप २५० चा, अमेरिकेतला २४० च्या जवळ, आपल्याकडे दुकानात दोन्ही मिळतात.

मंजू_नाशिक: आणि गिरणीतून दळून आणलेली कणीक? तीही १२० धरू का? आमच्याकडे गिरणीवाला कधी जाड दळतो कधी बारीक.

बेकरीवाला_दादर: गिरणीच्या कणकेचा एक आकडा मी सांगणार नाही. कोंडा किती, जाडी किती, डब्यात किती दिवस बसलीय, सगळ्याने फरक पडतो. दर दळणाला तीन कप तोलून डब्यावर खडूने लिहून ठेव.

शुभदा_के: पावसाळ्यात पीठ ओलसर होतं त्याचं काय, माझ्या मते तोच मुख्य फरक आहे.

मंजू_नाशिक: ते जुलैत तोलून सांगते. आज परत २४५ ग्रॅमने केक लावलाय, पीठ रिबिनीसारखं पडलं. वीस मिनिटं झालीत, वर अजून तडा नाही.