‘डिस्चार्ज’ झालेला आरोपी ‘दोषमुक्त’ म्हणावा काय?

पानगळ:
मी विधी अभ्यासक्रमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. व्याख्याने आणि निकालपत्रे इंग्रजीत असतात, परंतु मी टिपणे मराठीत काढते, कारण परीक्षेची उत्तरे मला मराठीतच लिहायची आहेत. ‘डिस्चार्ज’ आणि ‘अ‍ॅक्विटल’ या दोन शब्दांपाशी मी अडले आहे. वृत्तपत्रांत पहिल्यासाठी ‘दोषमुक्त’ आणि दुसऱ्यासाठी ‘निर्दोष मुक्तता’ असे वाचत आले आणि तसेच लिहीत होते. वर्गातील एका मित्राने मात्र फौजदारी प्रक्रिया संहितेचा मराठी पाठ समोर ठेवला. त्यात ‘दोषमुक्ती’ हा शब्द नेमका ‘अ‍ॅक्विटल’साठी आहे, आणि ‘डिस्चार्ज’साठी ‘विनादोषारोप सोडणे’ असा प्रयोग आहे. म्हणजे एकच शब्द दोन ठिकाणी परस्परविरुद्ध अर्थांनी वावरतो आहे. परीक्षकाने यांतील कोणता अर्थ गृहीत धरावा?

मूळशोध:
वृत्तपत्रांची भाषा प्रमाण मानण्याचे काहीच कारण नाही. ‘दोषमुक्त’ हा सरळ पंचमी तत्पुरुष आहे: दोषापासून मुक्त. ज्याच्यावरील दोष न्यायालयाने तपासून दूर केला, तोच दोषमुक्त. ‘निर्दोष मुक्तता’ ही रचना मुळातच सैल आहे, कारण निर्दोष असतो तो माणूस, मुक्तता नव्हे. बाकी आरोपीच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी एकच होत. तो सुटला, आणि त्याच गुन्ह्यासाठी त्याच्यावर पुन्हा खटला चालवता येत नाही.

सनद:
समासाचा विग्रह बरोबर आहे, परंतु शेवटचे वाक्य बरोबर नाही, आणि नेमक्या त्याच ठिकाणी विद्यार्थ्यांचे गुण जातात. एकदा शिक्षा किंवा दोषमुक्ती झाल्यावर, तो निर्णय कायम असेपर्यंत, त्याच गुन्ह्यासाठी पुन्हा खटला चालवता येत नाही, असे जुन्या संहितेचे कलम 300 सांगत असे. आता तीच तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, 2023 च्या कलम 337 मध्ये आहे. परंतु त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, आरोपीला ‘डिस्चार्ज’ करणे म्हणजे या कलमापुरती दोषमुक्ती नव्हे. म्हणून पुढे नवा पुरावा हाती आला, तर ‘डिस्चार्ज’ मिळालेल्या माणसावर पुन्हा कारवाई होऊ शकते.

एक उदाहरण घेऊ. पोलिसांनी फसवणुकीच्या गुन्ह्यात दोघांविरुद्ध दोषारोपपत्र दाखल केले आणि प्रकरण दंडाधिकाऱ्यांपुढे आले. पहिल्याचे म्हणणे असे की, कागदपत्रांवर त्याची सही नाही आणि पैसे त्याच्या खात्यात आलेलेच नाहीत. दंडाधिकाऱ्यांनी पोलिसांची कागदपत्रे पाहिली, दोन्ही बाजू ऐकल्या, आरोप निराधार असल्याचे मत नोंदवले आणि कलम 262 खाली त्याला सोडले. जुन्या संहितेत हेच कलम 239 होते. येथे एकही साक्षीदार तपासलेला नाही आणि दोषारोप ठेवलेलाच नाही. दुसऱ्यावर दोषारोप ठेवला गेला, साक्षीपुरावा झाला, उलटतपासणी झाली, आणि अखेरीस गुन्हा शाबीत न झाल्याने कलम 271 खाली त्याला दोषमुक्त करण्यात आले. दोघेही घरी गेले, परंतु पहिल्याच्या आदेशाविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करता येतो, तर दुसऱ्याच्या आदेशाविरुद्ध अपील. निकालपत्र वाचताना शब्दाविषयी शंका आली, तर दोषारोप ठेवला गेला होता काय आणि वरच्या न्यायालयात पुनरीक्षण चालले की अपील, हे आधी शोधावे. मराठी शब्द त्यानंतर निवडावा.

पानगळ:
हे उदाहरण मी टिपणात उतरवून घेतले. मात्र मला वाक्यात वापरता येईल असे विशेषण हवे आहे. ‘विनादोषारोप सोडण्यात आलेला आरोपी’ असे उत्तरात दहा वेळा लिहिणे जड जाते. त्याऐवजी ‘आरोपमुक्त’ चालेल काय?

मूळशोध:
चालू नये. जो आरोप न्यायालयाने अजून ठेवलेलाच नाही, त्यापासून मुक्ती कशी मिळेल? ‘विनादोषारोप’ लांब आहे, परंतु दोषारोप न ठेवताच सोडले, ही सगळी घटना त्या एका शब्दात येते. वापरणाऱ्याला जड वाटतो म्हणून नेमका शब्द टाकून द्यायचा, तर परिभाषा घडवायची कशाला?

लेखनिक:
मी निकालपत्रांची भाषांतरे करतो, म्हणून विरुद्ध बाजू मांडतो. मराठीत ‘आरोप’ या एकाच शब्दावर दोन ओझी आहेत. पोलिसांनी किंवा फिर्यादीने केलेला तोही आरोप, आणि न्यायालयाने निश्चित केलेला तोही व्यवहारात आरोपच. दोषारोप ठेवला जाण्यापूर्वीही आपण त्या माणसाला आरोपीच म्हणतो. मग पहिल्या अर्थाने त्याला आरोपमुक्त म्हणण्यात अडचण कोणती? पक्षकाराला ‘विनादोषारोप’ हा शब्द वाचून दाखवला, तर आपण सुटलो की अडकलो, हेच त्याला कळत नाही. ज्याच्यासाठी आदेश लिहिला त्यालाच तो उमजत नसेल, तर अशा नेमकेपणाचा उपयोग मर्यादित आहे.

सनद:
पक्षकाराला समजावताना ‘आरोपमुक्त’ हा शब्द वापरावा. आदेशाच्या भाषांतरात मात्र संहितेच्या मराठी पाठातलाच शब्द असावा, कारण वरच्या न्यायालयात तेच भाषांतर वाचले जाते.

ओसरी:
बँकेच्या एका पत्रात मी जामीनदार म्हणून ‘डिस्चार्ज’ झाल्याचे लिहिले आहे. वरील चर्चेप्रमाणे मलाही ‘विनादोषारोप’ म्हणायचे काय? माझ्यावर तर कोणताही खटला नव्हता.

सनद:
नाही. तो संविदा कायद्यातला शब्द आहे. मूळ ऋणकोशी झालेल्या कराराच्या अटी तुमच्या संमतीवाचून बदलल्या, तर त्यानंतरच्या व्यवहारांपुरती तुमची हमी संपते, असे त्या कायद्याचे कलम 133 सांगते. तेथे ‘जामीनदाराची दायित्वातून मुक्तता’ हे पुरेसे आहे. पानगळ, यावरून एक सुचवतो. वहीत इंग्रजी शब्दासमोर एकच मराठी शब्द लिहू नका; शब्द, कायदा आणि कलम अशी नोंद एकत्र ठेवा. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश पाहतानाही, एका शब्दापुढे दिलेल्या अनेक पर्यायांतला कोणता आपल्या कलमाला लागतो, हे संहितेचा मराठी पाठ उघडूनच ठरवावे लागते.

ओसरी:
माझ्या पुतण्याची अडचण अधिक गंभीर आहे. मारहाणीच्या खटल्यातून तो सुटला, परंतु निकालात ‘संशयाचा फायदा देऊन’ असे शब्द आहेत. नोकरीच्या अर्जाबरोबर त्याच्याकडे ‘सन्मानपूर्वक निर्दोष मुक्तता’ झाल्याचा पुरावा मागितला आहे. असा आदेश कोणत्या कलमाखाली मिळतो?

सनद:
कोणत्याही कलमाखाली नाही. समुथिरम प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, हा शब्दप्रयोग फौजदारी प्रक्रिया संहितेतही नाही आणि दंड संहितेतही नाही. तो न्यायालयीन निकालांतून रूढ झाला आहे. सर्व पुरावा विचारात घेऊन अभियोग पक्ष पूर्णपणे अपयशी ठरला, असे निकालात दिसले, तर तसे म्हणता येते. म्हणून निकालाचे शेवटचे वाक्य पुरेसे नसते. साक्षीदार फितूर झाल्याने पुरावा कोसळला, की साक्षी ऐकून न्यायालयाने त्या अविश्वसनीय ठरवल्या, हे आतल्या परिच्छेदांत पाहावे लागते. पुतण्याच्या वकिलांनी निकालाची पूर्ण प्रमाणित प्रत अर्जाबरोबर जोडावी.

लेखनिक:
येथे मूळशोध यांच्या आक्षेपाला उत्तर मिळते. ‘निर्दोष मुक्तता’ ही रचना सैल असेलही, परंतु ‘सन्मानपूर्वक दोषमुक्ती’ असे मी कोणत्याही नियुक्ती अधिकाऱ्याच्या तोंडून ऐकलेले नाही. रूढ झालेला शब्द व्याकरणाने हटवता येत नाही.

मूळशोध:
हटवता येत नसेल, परंतु त्यामुळे संशयाचा फायदा मिळून सुटलेल्यालाही वृत्तपत्र ‘निर्दोष’ ठरवते, आणि न्यायालयाने जे म्हटलेलेच नाही ते वाचकाच्या मनात रुजते. ‘दोषमुक्ती’मध्ये हा धोका कमी आहे.

पानगळ:
तूर्त मी ‘डिस्चार्ज’साठी उत्तराच्या पहिल्या वाक्यात संहितेतला प्रयोग कलमासह लिहीन आणि पुढे ‘आरोपमुक्त’ वापरीन. मूळशोध यांना हे मान्य होणार नाही, हे मी जाणते. मात्र फितूर साक्षीदारासाठी संहितेच्या मराठी पाठात कोणता शब्द आहे? माझ्या पुढच्या निकालपत्रात तो पानोपानी येतो.

मूळशोध:
मान्य नाहीच. आणि ‘फितूर’विषयी म्हणाल, तर तो शब्द अरबीतून आलेला असून बंडाळीच्या अर्थाने बखरींत सापडतो. साक्षीदाराला तो लावणे मला पहिल्यापासून खटकते.