मदत हवी आहे: शेजारचा क्युबिट १ मध्ये असला की सीझेड गेट गळतं

घाईत_आहे: क्यू१ आणि क्यू२ मध्ये ३५ नॅनोसेकंदांचं सीझेड, क्यू३ शेजारी. क्यू३ ० मध्ये असेल तर क्यू१ ची गळती ०.२ टक्के, क्यू३ १ मध्ये ठेवला की ४. पल्सची उंची आणि लांबी पुन्हा जुळवून झाली. उपाय सांगा, लवकर.

बिनधास्त: ड्रॅग लावा. आमच्या एकेरी गेटची गळती त्यानेच गेली.

खडूस_काका: ड्रॅग मायक्रोवेव्ह पल्ससाठी असतं, इथे फ्लक्स पल्स आहे. आणि धागाकर्ते, फ्रिक्वेन्सी कोण सांगणार?

घाईत_आहे: नेहमीच्याच. क्यू१ ५.२, क्यू२ ४.६, क्यू३ ४.७ गिगाहर्ट्झ. अनहार्मोनिसिटी सगळीकडे उणे ३०० मेगाहर्ट्झ, g १०. क्यू१ ४.९ वर उतरतो. क्यू२ आणि क्यू३ दोघंही त्याला जोडलेले.

तारजोड: फ्लक्स क्रॉसटॉक आहे. मॅट्रिक्स पुन्हा मोजा.

खडूस_काका: तारेतला क्रॉसटॉक क्यू३ ० मध्ये आहे की १ मध्ये हे बघत नाही. गणित करा: क्यू१ चं १ ते २ चं अंतर क्यू३ शी जुळलं की दोघांचं ११ क्यू१ च्या २ मध्ये शिरतं. म्हणजे ४.७ अधिक ०.३, बरोबर ५.० वर. क्यू१ ५.२ वरून ४.९ ला जाताना आणि परतताना तिथूनच जातो. शिवाय ४.९ वर थांबतो तेव्हा त्या जुळणीपासून जेमतेम १०० मेगाहर्ट्झ लांब असतो. खात्रीसाठी क्यू१ आणि क्यू३ १ मध्ये, क्यू२ ० मध्ये ठेवा, तोच पल्स द्या आणि क्यू१ चा २ मोजा. क्यू२ रिकामा असल्याने त्याच्यामार्फत गळायला वाटच नाही. मात्र रीडआउटमध्ये २ चा ढग वेगळा कॅलिब्रेट केलेला हवा, नाहीतर तो १ म्हणूनच मोजला जाईल.

तारजोड: पल्समुळे क्यू३ थोडा सरकत असेल तर ती जुळणीही सरकेल. मॅट्रिक्स लागतंच.

खडूस_काका: लागतं, पण ते दुसऱ्या नंबरवर.

ढगवाला: नेट-झीरो पल्स वापरा, दोन अर्ध्यांची गळती एकमेकांना खोडते.

खडूस_काका: क्यू२ बरोबरची खोडते, कारण वेळ तिच्यासाठी जुळवलेली असते. क्यू३ ची जुळणी मात्र दोनऐवजी चार वेळा ओलांडाल.

बिनधास्त: क्रॉस-रेझोनन्सवर का जात नाही? फ्लक्सची कटकटच नाही.

घाईत_आहे: चिप बदलून देताय का? काकांची चाचणी केली. क्यू२ ० मध्ये असतानाही क्यू१ चा २ दिसतोय. आता क्यू३ हलवू?

खडूस_काका: हलवा. क्यू१ उतरायच्या आधी क्यू३ ४.४ वर न्या, क्यू१ पुन्हा ५.२ ला गेल्यावरच क्यू३ ला जागेवर आणा. मग जुळणी ४.७ वर पडेल, क्यू१ तिथपर्यंत येतच नाही. क्यू३ वर जास्तीचा फेज साठतो, तो व्हर्च्युअल झेडने काढा. क्यू३ चे बाकीचे शेजारी ४.४ च्या आसपास नाहीत ना?

घाईत_आहे: एक आहे. ४.४५.

खडूस_काका: हे आधी सांगायचं होतं.

ढगवाला: वर न्या मग. ५.० ला?

तारजोड: क्यू१ ५.२ वरून ४.९ ला येताना ५.० वरच क्यू३ ला गाठेल. तिथे गळती नाही, सरळ अदलाबदल.